आयुष्याचा कर एका दिवशी
एकरकमी आणि वार्षिक वाहनकर : पेट्रोल व विद्युत वाहनांचा हिशेब

परळचा भोईवाडा हा मुंबईतील दाट वस्तीचा भाग आहे. एका अंगाला के. ई. एम. आणि टाटा ही मोठी रुग्णालये, दुसऱ्या अंगाला नायगाव, आणि मधल्या गल्ल्यांतून चाळी व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारती. येथील एखादी शिक्षिका शाळेत जाण्यासाठी स्कूटर घ्यावयाचे ठरविते, तेव्हा विक्रेता तिच्या हाती एक दरपत्रक देतो. वाहनाची किंमत आणि विम्याचा हप्ता यांचा अर्थ तिला सहज कळतो. परंतु त्याखालच्या ‘कर’ आणि ‘नोंदणी’ या दोन ओळी बहुधा एकच मानल्या जातात व ‘आरटीओचे पैसे’ या एका नावाने दिल्या जातात. वास्तविक त्या दोन ओळींमागे दोन वेगळे कायदे आणि दोन वेगळे हिशेब आहेत. पेट्रोलवरील वाहन आणि विद्युत वाहन यांच्यात त्या ओळी कोठे वेगळ्या होतात, हे समजून घेतले म्हणजे दरपत्रक वाचणे सोपे होते.

कर राज्याचा, शुल्काचे दर केंद्राचे

वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार आकारला जातो. रस्त्यावर वाहन वापरल्याबद्दल अथवा वापरासाठी बाळगल्याबद्दल द्यावयाची ही रक्कम आहे. तिचे दर, सवलती आणि वसुलीची रीत राज्य शासन ठरविते. म्हणूनच एकाच बनावटीच्या मोटारीवर मुंबईत एक कर लागतो आणि बेळगावात दुसरा.

नोंदणीचे तसे नाही. वाहनाची नोंद करून त्यास क्रमांक देणे, नोंदणी प्रमाणपत्र देणे, मालक बदलल्यास नाव बदलणे, कर्ज असल्यास त्याचा बोजा चढविणे या कामांची शुल्के १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखालील केंद्रीय नियमांत दिलेली आहेत. हे नियम १९८९ चे आहेत. शुल्क प्रादेशिक परिवहन कार्यालयात जमा होत असले तरी त्याचे दर देशभर सारखे असतात. नव्या दुचाकीच्या नोंदणीस ३०० रुपये आणि खाजगी हलक्या मोटारीच्या नोंदणीस ६०० रुपये, असा तो दर आहे. वाहनाच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. कर मात्र किमतीच्या टक्केवारीने वाढतो. दरपत्रकातील मोठा आकडा नेहमी कराचा असतो आणि लहान आकडा शुल्काचा, तो यामुळेच.

भोईवाड्यातील वाहनांचे परिवहन कार्यालय ताडदेव येथे आहे व त्याची ओळख ‘एमएच-०१’ या अक्षरांनी होते. नवीन खाजगी वाहनासाठी ग्राहकास आता सहसा तेथे जावे लागत नाही. अर्ज, कर आणि शुल्क विक्रेत्यामार्फतच संगणकाद्वारे भरले जातात. ही सोय चांगली असली तरी तिचा एक परिणाम असा, की ग्राहक स्वतः कराची पावती पाहतच नाही. विक्रेत्याने स्वतःच्या सेवेसाठी लावलेली रक्कम ‘नोंदणी’ या नावाखाली मिळवली असल्यास ती तशीच निघून जाते. म्हणून कराची आणि शुल्काची शासकीय पावती वेगळी मागून घेणे, ही पहिली खबरदारी होय.

वार्षिक कराकडून एकरकमी कराकडे

वाहनकराची मूळ रीत वार्षिक आहे. मालकाने वर्षाचा किंवा तिमाहीचा कर आगाऊ भरावयाचा आणि मुदत संपताच पुन्हा भरावयाचा. अवजड मालवाहू गाड्या व प्रवासी बसगाड्या यांना प्रामुख्याने ही रीत अद्यापही लागू आहे. त्यांचा कर वजनावर किंवा आसनसंख्येवर ठरतो. अशी गाडी काही काळ बंद राहणार असेल, तर मालकाने ती वापरात नसल्याची सूचना आधी परिवहन कार्यालयास द्यावी लागते. सूचना नसेल तर गाडी वापरात आहे असेच धरले जाते आणि कर व त्यावरील व्याज वाढत राहते. गॅरेजमध्ये सहा महिने उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना अनेक मालकांना थकबाकी निघाल्याचे कळते, ते या कारणाने.

खाजगी दुचाकी आणि मोटारी यांच्या बाबतीत ही रीत शासनाला आणि मालकाला सारखीच गैरसोयीची होती. लहान लहान रकमांसाठी दरवर्षी लाखो पावत्या फाडावयाच्या आणि थकबाकीदार शोधीत फिरावयाचे, असे ते काम होते. म्हणून या वाहनांसाठी एकरकमी कर आला. नोंदणीच्या वेळी किमतीच्या ठराविक टक्क्यांनी तो एकदाच भरला, की वाहन राज्यात असेपर्यंत पुन्हा वार्षिक कर नाही. बोलण्यात यालाच आजीवन कर म्हणतात. पुढे या रीतीची व्याप्तीही वाढली. १ जुलै २०२५ पासून ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या मालवाहू वाहनांना ७ टक्के एकरकमी कर लागू झाला.

या दोन रीतींमधील खरा फरक हप्त्यांच्या सोयीपुरता नाही. वार्षिक कराचा दर शासन पुढे बदलू शकते आणि तो जुन्या वाहनांनाही लागतो. एकरकमी कराचा हिशेब मात्र नोंदणीच्या दिवशीच पूर्ण होतो. त्या दिवशी जो दर अथवा जी सवलत लागू असेल, तिचाच शिक्का वाहनावर बसतो. पेट्रोल व विद्युत वाहनांमधील तफावत नीट कळण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

एका स्कूटरचा हिशेब

आता त्या शिक्षिकेचे उदाहरण पुढे नेऊ. समजा, तिच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला १२५ सीसीच्या पेट्रोल स्कूटरचा असून तिची किंमत १,००,००० रुपये आहे. दुसरा विद्युत स्कूटरचा आहे आणि तिची किंमत १,२०,००० रुपये आहे. विमा व इतर किरकोळ आकार बाजूला ठेवू.

महाराष्ट्रात दुचाकीवरील एकरकमी कर इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरतो. शंभर सीसीच्या आतील दुचाकीस १० टक्के, त्यापुढे तीनशे सीसीच्या आत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनास १२ टक्के, असे दर २०१७ मध्ये ठरले. पहिल्या स्कूटरवर म्हणून ११,००० रुपये कर आणि ३०० रुपये नोंदणी शुल्क, मिळून ११,३०० रुपये होतात. पंधरा वर्षांवर ही रक्कम विभागली तर वर्षाला सुमारे ७५३ रुपये पडतात. वार्षिक रीत असती तर ही रक्कम दरवर्षी थोडी थोडी गेली असती. एकरकमी रीतीत ती कर्जाच्या रकमेत मिळवली जाते आणि तिच्यावर व्याजही लागते.

विद्युत स्कूटरवर राज्याचा कर नाही, कारण राज्याच्या विद्युत वाहन धोरणाने तो माफ केला आहे. नोंदणी शुल्कही नाही, कारण केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचना काढून बॅटरीवरील वाहनांना ते माफ केले. दोन माफ्या दोन ठिकाणांहून आल्या असल्या, तरी दरपत्रकावर दोन्ही ओळींत शून्य दिसावयास हवे. दोन स्कूटरच्या किमतींतील २०,००० रुपयांच्या फरकापैकी ११,३०० रुपये याप्रमाणे कर व शुल्क वाचल्याने भरून निघतात. उरलेले ८,७०० रुपये इंधनाच्या बचतीतून निघणार की नाही, हे तिच्या रोजच्या प्रवासावर अवलंबून राहील.

परंतु माफी सर्व शुल्कांना नाही. केंद्राच्या अधिसूचनेत नोंदणी प्रमाणपत्र देणे, त्याचे नूतनीकरण करणे आणि नवा क्रमांक देणे यांचा उल्लेख आहे. स्कूटर कर्जावर घेतल्यास बोजा चढविण्याचे ५०० रुपये, आणि पुढे ती विकल्यास मालक बदलण्याचे १५० रुपये, ही दुचाकीची शुल्के त्या उल्लेखात येत नाहीत. त्यामुळे विद्युत स्कूटरच्या दरपत्रकात बोजाचे शुल्क दिसले तर ती विक्रेत्याची चूक समजू नये. ‘नोंदणी शुल्क’ म्हणून ३०० रुपये दिसले, तर मात्र अवश्य विचारावे.

मोटारींच्या बाबतीत आकडे मोठे होतात. पेट्रोल मोटारीवर १० लाख रुपयांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा दर आहे. डिझेल मोटारीवर तो प्रत्येक टप्प्यात दोन टक्क्यांनी अधिक आहे. आयकराप्रमाणे हे टप्पे वेगवेगळे मोजले जात नाहीत, तर पूर्ण किमतीवर एकच दर लागतो. त्यामुळे ९,९९,००० रुपयांच्या मोटारीवर १,०९,८९० रुपये कर होतो, तर १०,०१,००० रुपयांच्या मोटारीवर १,२०,१२० रुपये. किंमत दोन हजारांनी वाढली आणि कर दहा हजारांहून अधिक वाढला. वरच्या प्रतीचे एखादे उपकरण बसवून घेताना मोटार ही सीमा ओलांडत नाही ना, हे ग्राहकाने पाहिले पाहिजे. विद्युत मोटारीच्या ग्राहकापुढे हा प्रश्न उद्भवत नाही.

‘आजीवन’ या शब्दाची मर्यादा

एकरकमी कर भरला म्हणजे पुढे काहीच द्यावयाचे नाही, ही समजूत बरोबर नाही. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहन तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी हे शुल्क १,००० रुपये आणि हलक्या मोटारीसाठी ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील वाहनांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दुप्पट, म्हणजे दुचाकीस २,००० आणि मोटारीस १०,००० रुपये करण्यात आले. याखेरीज महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. तो आला तेव्हा पंधरा वर्षांवरील दुचाकीस पाच वर्षांसाठी २,००० रुपये आणि पेट्रोल मोटारीस ३,००० रुपये असा दर होता. सोळाव्या वर्षी पेट्रोल स्कूटरच्या मालकापुढे याप्रमाणे नवा खर्च उभा राहतो. विद्युत स्कूटरला नूतनीकरणाचे शुल्क माफ आहे. तपासणी मात्र तिलाही चुकत नाही.

दुसरी मर्यादा राज्याच्या सीमेची आहे. महाराष्ट्रात भरलेला एकरकमी कर महाराष्ट्रापुरताच असतो. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे झाल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवून त्या राज्याचा कर, वाहनाच्या वयानुसार कमी करून, भरावा लागतो. महाराष्ट्रातील कराचा उरलेला भाग परत मागता येतो. परतावा वयाबरोबर घटत जातो व तो आपोआप मिळत नाही. दुसऱ्या राज्यातील नोंदणीचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. वाहन राज्यातच विकले गेल्यास परताव्याचा प्रश्न येत नाही. पाच वर्षांनी स्कूटर विकणाऱ्या शिक्षिकेने भरलेला कर पुढील मालकाच्या उपयोगी पडतो आणि तिला तो विक्रीच्या किमतीतूनच वसूल करावा लागतो.

विद्युत वाहनाच्या मालकाने कर भरलेलाच नसल्याने त्यास परतावाही नाही. ज्या राज्यात वाहन जाईल तेथे माफी आहे की नाही, हा त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न ठरतो. कर्नाटकाने अनेक वर्षे विद्युत वाहनांना करमाफी दिली होती. परंतु २०२४ मध्ये २५ लाख रुपयांवरील विद्युत मोटारींना तेथे १० टक्के आजीवन कर लागू झाला. एका राज्याची माफी दुसऱ्या राज्यास बांधून ठेवीत नाही.

बदलीच्या नोकरीसाठी ‘बीएच’ मालिका

वारंवार बदली होणाऱ्यांची ही अडचण लक्षात घेऊन केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ क्रमांकांची मालिका सुरू केली. केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, संरक्षण दले, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी संस्थांचे कर्मचारी यांना ती ऐच्छिक आहे. या मालिकेत खाजगी वाहनालाही कालावधीनुसार कर लागतो. तो दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीतील वर्षांचा भरता येतो, आणि चौदा वर्षांनंतर दरवर्षी निम्म्या दराने. राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. मात्र दर दोन वर्षांची मुदत मालकाने स्वतः लक्षात ठेवावी लागते.

या कराच्या आधारासाठी पेट्रोल मोटारीचे दर किमतीनुसार ८, १० आणि १२ टक्के असे ठेवले आहेत. डिझेलला ते दोन टक्क्यांनी अधिक आणि विद्युत वाहनाला दोन टक्क्यांनी कमी आहेत. येथे विद्युत वाहनाला सवलत आहे, पूर्ण माफी नाही. त्यामुळे महाराष्ट्रात स्थिर नोकरी असणाऱ्या कर्मचाऱ्याने केवळ मानाचा क्रमांक म्हणून विद्युत मोटारीसाठी ही मालिका निवडली, तर राज्याच्या क्रमांकावर जो कर शून्य झाला असता तो त्याच्या माथी येऊ शकतो. पेट्रोल मोटार आणि बदलीची नोकरी असल्यास ही मालिका सोयीची. विद्युत मोटार आणि कायमचे वास्तव्य असल्यास दोन्ही रकमा आधी लेखी मागवून मगच निवड करणे इष्ट.

ज्यांना नोंदणीच नको

बाजारात काही लहान विद्युत दुचाकी ‘कर नाही, नोंदणी नाही, परवाना नाही’ असे सांगून विकल्या जातात. ही करमाफी नव्हे. ज्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही, तिला नियमांनुसार मोटार वाहन मानलेच जात नाही. हे मान्य चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते. विक्रीनंतर वेगावरील मर्यादा काढून टाकली, की तीच दुचाकी नोंदणी नसलेले मोटार वाहन ठरते. अपघात झाल्यास नोंदणी नाही, विमा नाही आणि परवानाही नाही, अशा स्थितीत चालक सापडतो. ताशी चाळीस किलोमीटर धावणारी दुचाकी जर क्रमांकाच्या पाटीविना विकली जात असेल, तर काहीतरी चुकत आहे हे प्रमाणपत्र न पाहताही ओळखता येते.

माफीची मुदत

महाराष्ट्रात विद्युत वाहनांना करमाफी २०१८ च्या धोरणाने मिळाली व २०२१ च्या धोरणात ती पुढे चालू राहिली. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांवरील विद्युत मोटारींना ६ टक्के कर प्रस्तावित करण्यात आला. त्याच अधिवेशनात तो मागे घेण्यात आला. त्यानंतर २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. म्हणजे ही माफी धोरणातून आलेली आहे आणि धोरणाला मुदत असते.

ती संपल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये दिसते. तेथे खाजगी मोटारींवरही वार्षिक कर आहे. १ एप्रिल २०२५ पासून तेथील शासनाने विद्युत मोटारींची सूट संपविली, तेव्हा २०१७ पासून नोंदलेल्या विद्युत मोटारींनाही वर्षाला १९५ पौंडांचा कर सुरू झाला. जुन्या मालकांची यातून सुटका झाली नाही, कारण वार्षिक कराचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडला जातो. एकरकमी रीतीत याउलट घडते. १ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रात एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली, तेव्हा तिचा भार नव्याने नोंदल्या जाणाऱ्या महागड्या मोटारींवर पडला. आधी नोंदलेल्यांचा हिशेब पूर्ण झालेला होता.

रस्ता मात्र दोन्ही वाहनांनी सारखाच झिजतो, आणि कर न देणाऱ्या वाहनांचे प्रमाण वाढले की रस्त्यांचा पैसा कोठून यावयाचा हा प्रश्न प्रत्येक राज्यापुढे येणार आहे. एकरकमी रीत असलेल्या राज्याला तो पैसा उद्याच्या ग्राहकाकडूनच मागता येतो. आज शून्य कराने नोंदलेल्या वाहनाकडे पुन्हा जाणे अवघड असते.

भोईवाड्यातील शिक्षिकेसाठी याचा अर्थ साधा आहे. दर किंवा सवलत ठरते ती नोंदणीच्या तारखेवरून, आगाऊ रक्कम भरल्याच्या तारखेवरून नव्हे. दर बदलण्याच्या सुमारास वाहन घेणाऱ्याने विक्रेत्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : नोंदणी कोणत्या दिवशी होईल, आणि त्या दिवसाच्या दराने कर व शुल्क वेगवेगळे किती होईल.